रेंज फुल्ल, नेट गुल. रेंज नाही, नेट मात्र जोरात

आमच्या सोसायटीत कुणाचंही वायफाय बिघडलं की आधी मला हाक येते. वाक्य नेहमी एकच असतं: "वायफाय गेलंय." काय गेलंय म्हणून विचारलं तर, "गेलंय म्हणजे गेलंय, चालत नाही." या "चालत नाही"मध्ये दोन अगदी वेगळी दुखणी असतात. दोन्हींची लक्षणं एकमेकांसारखी दिसतात आणि औषध मात्र उलटसुलट दिलं जातं. वर फोन स्वतःच्या हुशारीने त्यातलं एक दुखणं लपवूनही ठेवतो.

पहिलं दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वायफायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह येतं आणि नावाखाली `Connected, no internet` किंवा तशाच अर्थाचे शब्द दिसतात. म्हणजे फोनपासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे, राउटरच्या पुढचा बंद आहे. कुठेतरी फायबर तुटलेली असते, डब्यावरचा LOS नावाचा दिवा लाल होतो किंवा ब्रॉडबँडचा प्लॅन संपलेला असतो. यात घरबसल्या फार काही करता येत नाही. डबा एकदा बंद-चालू करा, प्लॅनची तारीख बघा आणि नेटवाल्याला फोन लावा. यावर जास्त लिहीत नाही.

दुसरं दुखणं याच्या बरोब्बर उलट आहे. राउटरच्या पुढचं सगळं सुरळीत असतं, पण तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतचे दहा-बारा मीटरच नीट पार होत नाहीत. मध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट, कधी फ्रीज. इथे उद्गारचिन्ह येत नाही, कसली सूचनाही येत नाही. फोनवर व्हिडिओ झकास चालतो, कारण फोनने गुपचूप मोबाईल डेटा वापरायला घेतलेला असतो.

गोंधळ होतो तो इथे. आपण समजतो, फोन `Connected` म्हणतोय म्हणजे त्याने वायफाय नीट तपासलं असणार. तपासलेलं असतं, पण कसं ते बघा. वायफायला जोडल्यावर अँड्रॉइड फोन एक छोटीशी विचारणा पाठवतो. बहुतेक फोनांत ती या पत्त्यावर जाते:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

तिकडून 204 हा आकडा परत यायला हवा. त्याचा अर्थ "पोचलं, पाठवण्यासारखं काही नाही." उत्तराच्या पोटात काहीच नसतं, अगदी कोरं पाकीट. ते आलं की फोन म्हणतो इंटरनेट आहे. नाही आलं, तर इंटरनेट नाही. त्याऐवजी भलतंच पान आलं, उदाहरणार्थ रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायचं लॉगिन, तर फोन साइन-इन करायला सांगतो. आयफोनची पद्धतही साधारण अशीच आहे, तो `captive.apple.com` ला विचारतो आणि कोऱ्या पाकिटाऐवजी एका छोट्याशा ठरलेल्या पानाची वाट बघतो.

आता विचार करा, हे कोरं पाकीट किती हलकं असेल. निम्मी पाकिटं वाटेत हरवणारं, रडतखडत चालणारं वायफायसुद्धा एवढं पाकीट कसंबसं पोचवतं. त्याच रस्त्याने सिनेमा पाठवायला गेलात की सगळं अडतं. पुलावरून सायकल गेली म्हणून ट्रक जाईलच असं नाही, आणि फोनने तपासणीला पाठवलेली असते ती सायकल. म्हणून वायफाय अशक्त असलं तरी फोनच्या लेखी ते पास असतं.

आणि त्या रेघा! फुल्ल रेघा दिसल्या की नेट फुल्ल, हा समज लोकांच्या डोक्यातून कधी जाणार कोण जाणे. रेघा फक्त राउटरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठ्याने ऐकू येतो ते सांगतात. राउटरच्या पाठीमागे काय चाललंय याचा त्यांना पत्ताही नसतो. सगळ्या रेघा आणि शेजारी उद्गारचिन्ह, तर पहिलं दुखणं. एक-दोन रेघा आणि उद्गारचिन्ह नाही, तर दुसऱ्याचा संशय घ्या.

यात आपोआप अदलाबदल करणारी सोय आणखी भर घालते. आयफोनवर तिचं नाव Wi-Fi Assist. 2015 मध्ये आयओएस 9 बरोबर आली आणि मुळातच चालू असते. मोबाईल डेटाच्या पानावर अगदी तळाशी सापडते, आणि तिने किती डेटा खाल्ला तेही तिथेच लिहिलेलं असतं. सॅमसंगवर वायफायच्या जादा सेटिंगमध्ये Switch to mobile data असतं, बाकीच्या अँड्रॉइडवर नावं बदलतात. सोय वाईट नाही. वायफाय लटपटलं की फोन मोबाईल डेटावर उडी मारतो आणि तुमचं बोलणं तुटत नाही. माझी तक्रार एवढीच की हे करताना तो कुणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत नाही. खूण बारीक असते: वरच्या पट्टीत वायफायच्या जागी किंवा शेजारी 4G, 5G ही अक्षरं येतात. वायफायवर असताना बऱ्याच फोनांत ती अक्षरं दिसत नाहीत. दिसायला लागली तर समजा, डेटा तुमच्या पॅकमधून जातोय.

पहिल्या दुखण्यातही अँड्रॉइड हेच करतो: वायफायला चिकटून राहतो आणि काम मोबाईल डेटावर चालवतो. त्यामुळे "माझ्या फोनवर चालतंय की!" हे वाक्य पुरावा म्हणून माझ्याकडे अजिबात आणू नका. मोबाईल डेटा चालू असताना फोनवरून वायफायबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

गेल्या महिन्यातलंच सांगतो. आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंचा बेडरूममधला टीव्ही सारखा गोल गोल फिरत बसायचा. त्याच पलंगावर बसून काका फोनवर क्रिकेट बघायचे, एकदाही न अडता. निष्कर्ष ठरलेला: टीव्ही खराब. मेकॅनिक येऊन पैसे घेऊन गेला, टीव्ही होता तसाच. दुसरीकडे काकांचा रोजचा दीड जीबी दुपारी चारलाच संपायला लागला होता, म्हणून त्यांनी दोन जीबीचा पॅक घेतला. घरात अमर्याद ब्रॉडबँड असताना! या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मी काकांच्या फोनचा मोबाईल डेटा बंद केला आणि तोच सामना लावला. मिनिटभरात त्यांचाही फोन गोल फिरायला लागला. काका म्हणाले, "अरे, तू काय केलंस?" मी म्हटलं, काही नाही काका, टीव्हीला जे दिसतंय ते तुम्हालाही दाखवलं. टीव्हीत सिमकार्ड नसतं, म्हणून त्याला बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही.

मग लॅपटॉप घेतला. आधी हॉलमध्ये, राउटरपाशी, नंतर बेडरूममध्ये, या दोन आज्ञा चालवल्या:

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिली थेट राउटरला हाक मारते, दुसरी राउटरच्या पलीकडे, बाहेरच्या जगाला. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे म्हणून लिहिलेला असतो. मॅकवर `-n` ऐवजी `-c` लिहा. हॉलमध्ये दोन्ही हाकांना वीसपैकी वीस उत्तरं आली, राउटरकडून 2 ते 5 मिलिसेकंदांत. म्हणजे लाइन ठणठणीत, नेटवाल्याला शिव्या द्यायचं कारण नाही. बेडरूममध्ये मात्र नुसत्या राउटरकडूनच वीसपैकी सात उत्तरं आली नाहीत, आणि जी आली त्यांतली काही 300 मिलिसेकंदांच्या वर. घरातल्या घरात! जो निरोप शेजारच्या खोलीत पोचत नाही, तो मुंबईच्या सर्व्हरला कुठून पोचणार?

ही एकच चाचणी लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. राउटरला हाक पोचते पण बाहेर पोचत नाही, तर पहिलं दुखणं. राउटरलाच नीट पोचत नाही, तर दुसरं. लॅपटॉप नसेल तर फोनचा मोबाईल डेटा बंद करून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. त्याचं लॉगिनचं पान पटकन उघडलं आणि बाकी काहीच उघडत नसेल तर बिघाड बाहेर आहे. तेच पान उघडायला घाम फुटत असेल तर बिघाड घरात आहे.

काकूंचा राउटर कुठे होता? हॉलमधल्या टीव्हीच्या युनिटमध्ये, खालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे, दार लावून. दिवे लुकलुकतात ते बरं दिसत नाही म्हणून. राउटर कपाटात कोंडणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. त्यातून काकांचा फोन वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झवर जोडला जायचा. हा पट्टा जवळ वेगवान असतो, पण भिंतींपुढे 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा लवकर हात टेकतो. पंधरा मीटर लॅन केबल घेतली आणि राउटर पॅसेजमध्ये दाराच्या चौकटीवर नेला. बेडरूममध्ये वीसपैकी वीस, 4 ते 9 मिलिसेकंद.

नेटवाल्याच्या माणसाने त्यांना रिपीटर विकायचा घाट घातला होता, तोही बेडरूममध्येच लावायचा म्हणून. जिथे मूळ सिग्नलच पोचत नाही तिथे रिपीटर लावला की फोनवर रेघा फुल्ल दिसतात, कारण त्या रिपीटरच्या असतात, आणि नेट तसंच मेलेलं राहतं. म्हणजे दुसरं दुखणं पहिल्याचं सोंग घेतं. रिपीटर लावायचाच तर वाटेत अर्ध्यावर लावा. मला विचाराल तर केबल ओढून दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावणं केव्हाही बरं.

"नेटवर्क फॉरगेट करा" हा सल्लाही बहुतेक वेळा निरुपयोगी. एका प्रसंगी मात्र उपयोग होतो. इंटरनेट नसलेल्या वायफायवर राहायचं का, असं अँड्रॉइड विचारतो, तेव्हा "हो, परत विचारू नका" म्हणून दाबलं असेल तर फोन त्या मेलेल्या वायफायला धरून बसतो, मोबाईल डेटाकडे वळतच नाही. फॉरगेट करून पुन्हा जोडलं की तो हट्ट सुटतो.

चाचणी झाल्यावर काकांचा मोबाईल डेटा मी परत चालू केला, पण आपोआप अदलाबदलीची सोय बंद ठेवून आलो. दोन दिवसांनी त्यांचा फोन: "अरे, रोज जिन्यात आणि गेटपाशी नेट बंद पडतंय." बरोबरच होतं. गेटपाशी वायफायची एकच रेघ उरते आणि फोन ती सोडायला तयार नाही. घरातलं वायफाय आता धड झालं होतं, लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून ती सोय परत चालू करून दिली.