पगार धावतो किमतीमागे, किमती धावतात पगारामागे: इटलीने ही साखळी कशी तोडली

महागाई भत्ता आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांना जानेवारीत आणि जुलैमध्ये निर्देशांक बघून डीए वाढवून मिळतो आणि घरोघरी त्याची चर्चा होते. पण हा डीए देशातल्या थोड्याच लोकांना मिळतो. समजा प्रत्येक कारखान्यातल्या, प्रत्येक ऑफिसातल्या माणसाचा पगार दर तीन महिन्यांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढायला लागला तर काय होईल? इटलीने हे खरंच करून पाहिलंय, आणि त्यातून सुटायला त्यांना जवळपास 17 वर्षं लागली. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते तेव्हा ती नक्की कुठल्या जागी घाव घालते हे यात स्पष्ट दिसतं.

जानेवारी 1975 मध्ये इटलीतल्या कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष जोव्हानी आन्येल्ली (तेच ते फियाटवाले) आणि सगळ्यात मोठ्या कामगार संघटनेचे नेते लुचानो लामा यांच्या बाजूंनी एक करार झाला. त्याआधी तेलाच्या किमती भडकल्या होत्या, महागाई 20 टक्क्यांच्या आसपास गेलेली, रोज कुठे ना कुठे संप. पगार महागाईला जोडायची पद्धत तिथे आधीपासून होतीच, स्काला मोबिले म्हणायचे तिला, पण या कराराने ती फार कडक केली. दर तीन महिन्यांनी निर्देशांक बघायचा आणि तो जितके पॉइंट वाढला असेल तितक्या पॉइंटचे पैसे पगारात घालायचे, आणि असं ठरलं की 1977 पासून एका पॉइंटचे पैसे सगळ्यांना सारखेच, महिन्याला 2,389 लिरा, मग तुम्ही हमाल असा नाहीतर इंजिनिअर.

यात कामगारांचं काही चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही. भाकरी महाग झाली तर पगार वाढायला हवा, याहून साधी मागणी कुठली असणार. अडचण मागणीत नाहीये, ती हिशोबात आहे, आणि तो हिशोब एकदा नीट मांडूया.

समजा एक वस्तू 100 ला विकली जाते. त्यात 60 मजुरी, 25 बाहेरच्या देशातून आणलेलं तेल आणि कच्चा माल, 15 मालकाचा नफा. आता तेल वगैरे 25 चं 29 झालं. मालकाने फरक ग्राहकावर टाकला, किंमत 104. पगार महागाईला जोडलेला आहे म्हणून तो 4 टक्के वाढला, 60 चा 62.4 झाला, म्हणून किंमत आणखी 2.4 ने वाढली, मग पगार परत वाढला, यावेळी किंमत साधारण 1.4 ने वाढली, मग आणखी कमी, असं करत करत किंमत 110 ला येऊन थांबते. म्हणजे 4 च्या धक्क्याची 10 टक्के महागाई झाली खरी पण ती थांबली. नुसतं इंडेक्सेशन, म्हणजे पगार असा महागाईला जोडलेला, असलं की महागाई कायमची सुरू होते असं बरेच जण समजतात, तसं नाहीये, बाकीच्यांनी आपला वाटा थोडा आकसू दिला तर चक्र आपोआप मंदावतं.

पण मालक म्हणाला की माझा नफासुद्धा किमतीच्या 15 टक्केच राहिला पाहिजे, तर? आणि देशातल्या वस्तू महाग झाल्यामुळे निर्यात बसते म्हणून सरकारने चलनाचं अवमूल्यन केलं, तर तेलही त्याच प्रमाणात महाग होणार. आता मजुरीला 60 हवेत, नफ्याला 15 हवेत, तेलाला 29 हवेत, बेरीज झाली 104. वस्तू मात्र 100 चीच आहे. हे वरचे 4 कुठूनच येऊ शकत नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीत किंमत 4 टक्के वाढते, कोणालाच आपला पूर्ण वाटा मिळत नाही आणि फेऱ्या संपतच नाहीत. आणि इथे फेरी किती दिवसांनी येते यालाच सगळं महत्त्व येतं. सहा महिन्यांनी पगार सुधारला तर वर्षात दोन फेऱ्या, महागाई साधारण 8 टक्के. तीन महिन्यांनी सुधारला तर चार फेऱ्या, म्हणजे 17 टक्के. भांडण तेवढंच, मूळ फरक तोच 4 चा, पण महागाई दुप्पट.

इटलीत 1970 च्या दशकात जवळपास हेच चाललं होतं. पगार वाढायचे, लिरा घसरायचा, आयात महाग व्हायची, परत पगार. 1979-80 मध्ये तेलाचा दुसरा धक्का बसला आणि 1980 ची महागाई 21 टक्क्यांवर गेली. त्यात पॉइंटचे पैसे सगळ्यांना सारखे असल्यामुळे खालच्या पगारवाल्यांची टक्केवारीत भरपाई जास्त व्हायची आणि कुशल कामगार, फोरमन यांची कमी, म्हणजे कौशल्यातला पगाराचा फरकच पुसट होत गेला. ऑक्टोबर 1980 मध्ये तोरिनोत फियाटचे फोरमन आणि ऑफिसातले कर्मचारी हजारोंनी रस्त्यावर उतरले ते संप संपवा म्हणून. मूळ वाद नोकरकपातीचा होता, पण ही खदखदही त्यामागे होतीच.

आता मध्यवर्ती बँकेकडे वळूया. बँका दि'इतालियाचे गव्हर्नर होते कार्लो आझेल्यो चांपी. पगाराचा करार मोडायचा अधिकार त्यांना नव्हता, तो कामगार आणि मालक यांच्यातला मामला. बँकेच्या हातात होत्या चक्र फिरवणाऱ्या बाकीच्या दोन गोष्टी: चलनाचा दर आणि नवा पैसा.

चलनाचं असं, मार्च 1979 मध्ये इटली युरोपियन चलन व्यवस्थेत गेली, तिथे लिराला जर्मन मार्कसोबत ठराविक पट्ट्यात राहावं लागायचं. अधूनमधून अवमूल्यन व्हायचं, पण देशातल्या महागाईची पूर्ण भरपाई होईल इतकं होऊ द्यायचं नाही असं धोरण ठेवलं गेलं. याचा अर्थ कारखानदाराला कळलं की पगार वाढवून दिला आणि किंमत वाढवली तर जर्मन आणि फ्रेंच माल आपलं गिऱ्हाईक नेणार, लिरा पाडून कोणी आपल्याला वाचवणार नाहीये. म्हणजे नफ्याचे 15 टक्के काहीही झालं तरी राखणं अवघड झालं.

पैशाचं असं, 1975 पासून सरकारचे जे अल्पमुदतीचे रोखे लिलावात विकले जायचे नाहीत ते उरलेले सगळे मध्यवर्ती बँकच विकत घ्यायची, म्हणजे सरकारी तूट जणू नोटा छापून भरली जायची. 1981 मध्ये अर्थमंत्री बेन्यामिनो आंद्रेआत्ता आणि चांपी यांनी पत्रव्यवहार करून ही बांधिलकी संपवली. इटलीत आजही लोक याला घटस्फोट म्हणतात. त्याच वर्षी मार्चमध्ये बँकेने आपला डिस्काउंट रेट, म्हणजे बाकीच्या बँकांना उधार द्यायचा व्याजदर, 19 टक्के केला. पुढच्या काही वर्षांत व्याजदर महागाईच्या वर गेले, आणि याची किंमतही मोजावी लागली, सरकारी कर्जावरचं व्याज इतकं वाढलं की जे कर्ज 1981 ला जीडीपीच्या साधारण 60 टक्के होतं ते 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 100 टक्क्यांपलीकडे गेलं.

पण नुसत्या व्याजदराने हे चक्र तोडणं इतकं वेदनादायक का असतं? कारण स्काला मोबिले मागे बघून चालायची. समजा गेल्या वर्षी महागाई 16 टक्के होती आणि बँकेने जोर लावून यंदा ती 10 वर आणली. पगार मात्र मागच्या आकड्याने 16 टक्के वाढणार. कारखान्याचा माल 10 टक्क्यांनी महाग विकला जातोय आणि मजुरी 16 ने वाढलीये, उत्पादकता तितकी वाढत नाहीये, मग मालक माणसं कमी करतो. म्हणजे महागाई जितक्या वेगाने खाली आणाल तितकी बेरोजगारी जास्त. तसंच झालं, 1980 च्या दशकात इटलीत बेरोजगारी चढतच गेली.

रोममधले कामगार-अर्थशास्त्राचे प्राध्यापक एझिओ तारांतेल्ली यांनी नेमकं या गाठीवर बोट ठेवलं. ते स्वतः आधी मध्यवर्ती बँकेत काम केलेले आणि नंतर एका मोठ्या कामगार संघटनेचे सल्लागार, म्हणजे दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की पगार महागाईला जोडा, जरूर जोडा, पण गेल्या वर्षीच्या महागाईला नको, सरकार, मालक आणि संघटना बसून पुढच्या वर्षासाठी जे लक्ष्य ठरवतील त्याला जोडा. लक्ष्य 10 ठरलं, पगार 10 ने वाढले, खर्चही तितकाच वाढला आणि किमतीही 10 नेच वाढल्या, तर महागाई 16 वरून 10 वर येते आणि पगाराची किंमतही घटत नाही, कोणाची नोकरीही जात नाही. यात एक मोठी अट आहे ती विश्वासाची. सगळ्यांनी एकाच वेळी हात आखडता घेतला तरच जमतं, आणि महागाई लक्ष्याच्या वर गेली तर कामगार फसतो, म्हणून नंतर फरक भरून देण्याची सोय लागते.

जानेवारी 1983 च्या करारात स्काला मोबिलेची भरपाई 15 टक्क्यांनी कमी झाली. 14 फेब्रुवारी 1984 ला पंतप्रधान क्राक्सी यांच्या सरकारने अध्यादेश काढून वर्षभरात मिळणाऱ्या पॉइंटवर मर्यादा घातली, आणि संघटनांमध्ये उभी फूट पडली, रोममध्ये प्रचंड मोर्चा निघाला, प्रकरण थेट सार्वमतापर्यंत गेलं. त्या सार्वमताच्या काही आठवडे आधी, 27 मार्च 1985 ला, तारांतेल्ली वर्गात शिकवून बाहेर पडले आणि रेड ब्रिगेड्स या सशस्त्र अतिडाव्या गटाच्या माणसांनी विद्यापीठाच्या आवारातच त्यांना गोळ्या घातल्या. ज्या माणसाने आयुष्यभर कामगाराची नोकरी वाचवायचा मार्ग शोधला त्याला कामगारांच्याच नावाने मारलं, हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं. जूनमध्ये सार्वमत झालं आणि 54 टक्के लोकांनी कपात कायम ठेवायला मत दिलं.

1986 मध्ये फेरी तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर नेली. त्याच वर्षी जगात तेलही कोसळलं, त्यामुळे महागाई 6 टक्क्यांच्या आसपास आली याचं सगळं श्रेय धोरणाला देता येत नाही. शेवटी जुलै 1992 मध्ये स्काला मोबिले रद्दच केली.

आणि लगेच परीक्षा आली. सप्टेंबर 1992 मध्ये सट्टेबाजीच्या दबावाखाली लिरा युरोपियन व्यवस्थेतून बाहेर पडला आणि जोरात घसरला. आयात महाग झाली, म्हणजे आपल्या उदाहरणातलं 25 चं 29 परत झालं, आणि 1970 च्या दशकात यातून नक्की नवं चक्र सुरू झालं असतं. यावेळी पगार मागे धावायची आपोआप सोय उरलीच नव्हती. 1993 ची महागाई साडेचार टक्क्यांच्या आसपासच राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकार, मालक आणि संघटना यांचा नवा करार झाला, पगारवाढ पुढच्या वर्षांच्या ठरवलेल्या महागाईला जोडायची आणि फरक पडलाच तर दोन वर्षांनी हिशोब करायचा, म्हणजे मूळ कल्पना तारांतेल्लींचीच. त्या करारावर सरकारच्या बाजूने पंतप्रधान म्हणून होते चांपी, जे काही महिन्यांपूर्वीपर्यंत मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते.