बॅटरीची रेंज खाणारे तडे आणि विरघळणारं मँगनीज

दोन-तीन वर्षं वापरलेल्या ई-स्कूटरची बॅटरी उघडली तर बहुतेक वेळा आत काहीच बिघडलेलं दिसत नाही. सेल फुगलेला नाही, लीक नाही, व्होल्टेज बरोबर, फुल चार्ज केला की ४.२ पण दाखवतो. तरी घाटकोपरहून निघून फोर्टला जाऊन परत येणारी गाडी आता जाऊन येता येता शेवटच्या दोन दांड्यांवर येते. लॅमिंग्टन रोडला जुने सेल ग्रेड करून विकणारे लोक मीटर लावतात, इंटर्नल रेझिस्टन्स ठीक आहे म्हणतात, आणि तोच सेल लोडवर टाकला की बसतो. मग गेलं काय?

उदाहरणादाखल दोन सेल धरू, आकडे मी सोयीसाठी घेतलेत पण असे सेल खरंच सापडतात. दोन्ही १८६५० आकाराचे, दोन्ही एनएमसीचे म्हणजे ज्यांचा कॅथोड, म्हणजे धन टोकाची पट्टी, निकेल-मँगनीज-कोबाल्टची असते असे, दोन्हींवर २.५ अँपिअर-तास छापलेलं. एका तासात रिकामा होईल अशा करंटने, म्हणजे २.५ अँपिअरने, ३ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज केले तर दोन्ही २.० देतात. दुकानात दोघांना एकच स्टिकर लागेल. पण आता पुन्हा फुल चार्ज करून फक्त १२५ मिलिअँपिअरने, म्हणजे वीसेक तास लागतील इतक्या सावकाश, रिकामे करा. पहिला सेल २.३ देतो. दुसरा २.१ वरच अडकतो.

म्हणजे पहिल्याची कपॅसिटी बरीचशी आतच आहे, फक्त घाईत बाहेर निघत नाहीये. दुसऱ्याची खरोखरच गेलीये, कितीही हळू काढा, मिळणार नाही. लक्षण एकच, आजार दोन, आणि दोन्हींचं मूळ कॅथोडमध्ये असू शकतं, मात्र बहुतेक लोक कॅथोडकडे बघतच नाहीत कारण पुस्तकात सगळा दोष समोरच्या ऋण टोकाच्या ग्रॅफाइटवर साचणाऱ्या थराला दिलेला असतो.

मीटरने पहिला सेल का पकडला नाही तेही इथेच सांगतो. हातात मावणारे ते छोटे मीटर १००० हर्ट्झच्या एसी सिग्नलने रेझिस्टन्स मोजतात. एवढ्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या करंटला फक्त धातूच्या पट्ट्या आणि इलेक्ट्रोलाइट म्हणजे लिथियम वाहून नेणारं आतलं द्रव यांचा अडथळा दिसतो, लिथियम कणाच्या पृष्ठभागातून आत शिरताना जो अडथळा लागतो तो दिसत नाही, कारण ती प्रक्रिया संथ आहे. ती पकडायची तर सेल अर्धा चार्ज ठेवा, २.५ अँपिअरचा लोड दहा सेकंद लावा आणि व्होल्टेज किती पडलं ते बघा. नव्या सेलमध्ये समजा ०.१० व्होल्ट पडलं तर ४० मिलिओहम. आपला पहिला सेल ०.२८ च्या आसपास पाडेल, म्हणजे ११० मिलिओहम, आणि जवळजवळ रिकामा असताना तर त्याहूनही जास्त. एसी मीटर मात्र दोघांनाही पास करतो. हा सेल स्कूटरला निकामी, पण सोलर दिव्यासारख्या कमी करंटच्या कामाला अजून बऱ्यापैकी चालेल.

आता आत शिरू. कॅथोडची पावडर म्हणजे साधारण १० मायक्रॉनचे गोल कण, आणि प्रत्येक गोल कण काही शे नॅनोमीटरच्या हजारो बारीक स्फटिकांचा मिळून बनलेला, जे भट्टीत एकमेकांना चिकटलेले असतात आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. ही दिशांची भानगडच मुळाशी आहे. प्रत्येक स्फटिक थरांचा असतो, थरांच्या मध्ये लिथियम. चार्ज करताना लिथियम बाहेर पडतं तसा स्फटिक थराच्या पातळीत जरासा, दोनेक टक्के, आकसतो, पण थरांना काटकोनात असलेल्या दिशेत आधी उलट थोडा फुगतो. ज्यात निकेल भरपूर आहे, उदाहरणार्थ एनएमसी ८११ म्हणजे आठ भाग निकेल, एक मँगनीज, एक कोबाल्ट, तिथे पाऊणएक लिथियम बाहेर गेलं की हे थर एकदम खाली बसतात, आणि ते घडतं लिथियम धातूच्या तुलनेत मोजलेल्या ४.१ ते ४.३ व्होल्टच्या पट्ट्यात. सेलच्या टोकाला ४.२ दिसतं तेव्हा ग्रॅफाइट स्वतः ०.१ च्या जवळपास असतं, म्हणजे कॅथोड ४.३ वर पोचलेला असतो. चार्जिंगचे शेवटचे दहा-पंधरा टक्के नेमके याच जागेत येतात.

शेजारचे दोन स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी आकसायला लागले की त्यांच्यातली जोडाची रेघ ताणली जाते, आणि रोज चार्ज, रोज डिस्चार्ज असं चाललं की ती रेघ उघडते. कण बाहेरून गोलच दिसतो, आतून चिरलेला असतो. हे बघायचं तर सेल ड्राय चेंबरमध्ये उघडावा लागतो, कॅथोडची पट्टी आर्गॉन आयनांच्या झोताने कापून गुळगुळीत छेद काढावा लागतो (साध्या ब्लेडने कापली तर ब्लेडनेच तडे पडतात आणि मग कोणाचे कुठले तेच कळत नाही), आणि मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केंद्रातून बाहेर पसरलेल्या काळ्या रेषा दिसतात.

नुसत्या चिरेने एवढं बिघडलं नसतं. उलट सुरुवातीला चिरेतून इलेक्ट्रोलाइट आत गेलं की लिथियमला यायला-जायला नवा पृष्ठभाग मिळतो आणि रेझिस्टन्स थोडा कमीसुद्धा होऊ शकतो. घात पुढे होतो. आपल्याकडे जुन्या बिल्डिंगच्या कॉलमला बारीक चीर पडते, पावसाळ्यात पाणी आत जातं, सळई गंजून फुगते आणि तीच चीर आणखी उघडते, तसंच इथे चालतं. फुल चार्जला निकेल चार व्हॅलन्सच्या अवस्थेत असतं आणि इलेक्ट्रोलाइटशी भिडायला टपलेलं असतं. नव्या पृष्ठभागावर ते इलेक्ट्रोलाइटचं ऑक्सिडेशन करतं, स्वतः खालच्या अवस्थेत येतं, थोडा ऑक्सिजन सुटतो आणि त्या जागी काही नॅनोमीटर जाडीचा निकेल ऑक्साइडसारखा थर बसतो ज्यातून लिथियम जेमतेम सरकतं. चिरेच्या दोन्ही काठांवर असा थर आला की आतले काही स्फटिक अगदी तुटून एकटे पडतात, बाकीच्यांपर्यंत लिथियम हळूहळूच पोचतं. हाच आपला पहिला सेल.

पूर्ण ० ते १०० पर्यंत न जाता मधल्या पट्ट्यात फिरवलं तर काय होतं हे पॅनासॉनिकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निकेल-कोबाल्ट-ॲल्युमिनियम कॅथोडवर दाखवलंय. पूर्ण पट्ट्यात फिरवलेल्या सेलमध्ये तडे भरपूर, १० ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवलेल्यात फारच कमी, आणि कपॅसिटीही त्याच प्रमाणात टिकली. ४.२ ऐवजी ४.१ ला चार्ज थांबवायचा सल्ला इथूनच येतो, दहाएक टक्के रेंज सोडायची तयारी असेल तर.

आता दुसरा सेल. इलेक्ट्रोलाइटमध्ये LiPF6 नावाचं क्षार असतं, आणि कितीही सुकवलं तरी कारखान्यातून निघताना सेलमध्ये काही पीपीएम पाणी राहतंच. गरम झालं की LiPF6 फुटून PF5 होतो आणि तो पाण्याबरोबर HF म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनवतो. HF कॅथोडच्या ऑक्साइडमधून धातू काढतो आणि त्या व्यवहारात पुन्हा पाणी तयार होतं, जे पुढचा HF बनवतं. थोड्याशा पाण्यावर ही गाडी बराच काळ चालते. आपल्याकडे लोकांना वाटतं मुंबईची दमट हवा सेलमध्ये जाते, तर तसं नाही, सेलचा डबा सीलबंद असतो. त्रास होतो तो मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली फुल चार्ज करून उभ्या ठेवलेल्या गाडीच्या उष्णतेचा.

मँगनीजची आणखी एक खोड आहे. तीन व्हॅलन्सचे दोन मँगनीज आपसात देवाणघेवाण करतात:

2Mn3+ → Mn4+ + Mn2+

Mn4+ घन ऑक्साइडमध्ये राहतं, Mn2+ द्रावणात जातं. जेम्स हंटर यांनी १९८१ मध्ये स्पिनेल नावाच्या रचनेचा लिथियम-मँगनीज ऑक्साइड ॲसिडमध्ये घालून हाच प्रकार दाखवला होता. चांगल्या एनएमसीमध्ये मँगनीज जवळपास सगळं चार व्हॅलन्सचं असतं म्हणून तिथे हा रस्ता अरुंद आहे, पण ॲसिडचा रस्ता उघडाच, आणि चिरेने जितका पृष्ठभाग उघडा पडेल तितका तो रुंद होतो. दोन्ही आजार इथे एकमेकांना मिळतात.

आता कोणी म्हणेल, थोडं मँगनीज विरघळलं तर विरघळलं. ८११ मध्ये धातूंपैकी मँगनीज दहावा भाग. त्यातलं शंभरात एक गेलं तरी कॅथोडच्या धातूंपैकी हजारात एकच गेला, ०.१ टक्का. मग कपॅसिटी कित्येक टक्के कशी जाते? कारण नुकसान कॅथोडमध्ये होत नाही, समोर होतं. Mn2+ इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे जाऊन ग्रॅफाइटवर बसतो. ग्रॅफाइटवर पहिल्या चार्जपासून एक पातळ संरक्षक थर असतो जो इलेक्ट्रोलाइटला आत येऊ देत नाही, आणि मँगनीज त्या थरात घुसून तो बिघडवतो. थर फाटतो, दुरुस्त होतो, आणि प्रत्येक दुरुस्तीत लिथियम कायमचं खर्च होतं. सेलमध्ये लिथियम मोजकंच असतं.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. कोमाबा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये इलेक्ट्रोलाइटमध्ये मुद्दाम मँगनीज, कोबाल्ट, निकेलचे क्षार घालून ग्रॅफाइटवर परिणाम तपासला, त्यात मँगनीजने सगळ्यात जास्त घाण केली. आणि स्पिनेल कॅथोडसमोर ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटनेट ठेवलं, जे १.५५ व्होल्टवर चालतं आणि ज्याला तसल्या थराची गरजच पडत नाही, तर सेल कितीतरी जास्त टिकतो. कॅथोड तोच, विरघळणं तेच, फक्त बिघडायला समोर थर नाही.

दुसऱ्या सेलबद्दल एक गोष्ट मात्र डिस्चार्जच्या आकड्यांवरून ठरत नाही. लिथियम संपलंय एवढंच कळतं, मँगनीजने संपवलं की थर नुसता वयाने जाड झाला, हे नाही. त्यासाठी सेल उघडून ग्रॅफाइटवर बसलेला थर ॲसिडमध्ये विरघळवायचा आणि प्लाझ्मा स्पेक्ट्रोमीटरवर त्यातलं मँगनीज मोजायचं, दुसरा सोपा मार्ग नाही.

चिरांवरचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे जोडच काढून टाकणं. हजारो बारीक स्फटिकांच्या गोळ्याऐवजी दोन-तीन मायक्रॉनचा एकच स्फटिक, म्हणजे सिंगल क्रिस्टल. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या जेफ डान यांच्या गटाने २०१९ मध्ये सिंगल क्रिस्टल एनएमसी ५३२ आणि ग्रॅफाइटच्या सेलचे निकाल छापले आणि ते इतके चांगले होते की पेपरांनी त्याला दशलक्ष मैलांची बॅटरी म्हणायला सुरुवात केली. पण लक्षात घ्या, ते ५३२ होतं, ८११ नाही. निकेल वाढवलं आणि व्होल्टेज वर नेलं तर एकाच स्फटिकातसुद्धा थर एकमेकांवरून घसरतात आणि आतून बारीक तडे जातात, शिवाय मोठ्या स्फटिकात लिथियमला मधोमध पोचायला वेळ लागतो म्हणून फास्ट चार्जिंगला तो मागे पडतो.