आरएफएमचे गुण: कॅटलॉगच्या टपालखर्चातून आलेली पाच हिश्शांची पद्धत

ग्राहकाने शेवटची खरेदी कधी केली, एकूण किती वेळा केली आणि किती रकमेची केली, या तीन आकड्यांना एक ते पाच गुण देऊन ग्राहकांचे गट पाडायचे, ही आरएफएमची, म्हणजे रीसन्सी, फ्रीक्वेन्सी आणि मॉनेटरी या मापांची, पद्धत आज जवळजवळ प्रत्येक ऑनलाइन दुकानाच्या डॅशबोर्डवर दिसते. तिचा जन्म मात्र संगणकाच्या पडद्यावर झालेला नाही. ती अमेरिकेतल्या टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांच्या खर्चाच्या हिशोबातून आली. हे गुण कशासाठी योजले होते आणि आज ते कुठे फसवतात, हे त्या हिशोबाकडे पाहिल्यावर कळते.

माँटगोमेरी वॉर्डने 1872 मध्ये शिकागोतून टपालाने विक्री सुरू केली आणि पुढे सीअर्सने हा धंदा देशभर नेला. दुकानदाराला दारात आलेल्या गिऱ्हाइकासाठी वेगळा खर्च येत नाही. कॅटलॉग कंपनीला मात्र प्रत्येक नावामागे छपाई आणि टपालाचे पैसे आधी घालावे लागतात, ऑर्डर येवो न येवो. त्यामुळे या धंद्यातला सगळ्यात महागडा प्रश्न होता: यादीतल्या कोणाला पुढचा कॅटलॉग पाठवायचा नाही?

उत्तर शोधताना लक्षात आले की वय, पेशा किंवा गाव यांपेक्षा ग्राहकाची स्वतःची खरेदीच जास्त सांगून जाते. या तीन मापांचे श्रेय सहसा जॉर्ज कलिनन यांना दिले जाते. अमेरिकेतल्या डायरेक्ट मेलच्या व्यावसायिक संघटनेसाठी त्यांनी 1977 मध्ये लिहिलेल्या टिपणाच्या शीर्षकात बेसबॉलमधली फलंदाजाची सरासरी होती. खेळाडू जसा मागच्या कामगिरीवर निवडायचा, तसा ग्राहकही निवडायचा. नावातला अक्षरांचा क्रमही योगायोगाचा नाही. नुकतीच खरेदी केलेला माणूस पुन्हा ऑर्डर देण्याची शक्यता सगळ्यात जास्त, हा अनुभव या धंद्यात इतका पक्का होता की आर पहिला आला आणि रक्कम शेवटी गेली.

सुरुवातीचे गुण हिश्शांवर आधारलेले नव्हते, ठरीव होते. अशा तक्त्यात शेवटची खरेदी चालू तिमाहीतली असेल तर अमुक गुण, सहा महिन्यांतली असेल तर त्याच्या निम्मे, प्रत्येक ऑर्डरला ठरावीक गुण आणि रकमेच्या काही टक्के गुण, अशी मांडणी असे. रकमेच्या गुणांना वरची मर्यादाही घातलेली असे, नाहीतर एकच मोठी ऑर्डर देऊन गायब झालेला माणूस यादीच्या डोक्यावर बसला असता. ही मर्यादा पुढे विसरली गेली. तिची आठवण एका उदाहरणात येईलच.

ठरीव तक्त्याची अडचण अशी की तो एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही. फर्निचर विकणाऱ्याला वर्षातून एक ऑर्डर भरपूर वाटते, मोजे विकणाऱ्याला ती काहीच नाही. मग गुणांच्या सीमा डेटालाच ठरवू द्याव्यात, ही कल्पना पुढे आली. आर्थर ह्यूज यांनी 1990च्या दशकात डेटाबेस मार्केटिंगवरच्या लेखनातून ती घरोघरी पोचवली. सगळे ग्राहक शेवटच्या खरेदीच्या तारखेने रांगेत लावायचे, रांगेचे पाच समान भाग करायचे, सगळ्यात ताज्या भागाला 5 आणि सगळ्यात जुन्याला 1. मग त्या प्रत्येक भागाच्या आत खरेदीच्या संख्येने रांग लावून पुन्हा पाच भाग, आणि त्यांच्या आत रकमेने आणखी पाच. एकूण 125 कप्पे, आणि प्रत्येकात जवळपास सारखीच माणसे.

कप्पे सारख्या आकाराचे हवे होते, कारण पुढची पायरी चाचणीची होती. समजा एक कॅटलॉग पाठवायला 50 सेंट लागतात आणि एका ऑर्डरमागे 20 डॉलर सुटतात. म्हणजे शंभरातल्या अडीच जणांनी ऑर्डर दिली तर खर्च निघतो. तीन लाखांच्या यादीतून दर दहावे नाव उचलून 30,000 जणांना चाचणीचा कॅटलॉग पाठवला, तर प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला 240 जण येतात आणि खर्च भागवणाऱ्या कप्प्यातून साधारण सहा ऑर्डरी अपेक्षित असतात. ज्या कप्प्यांचा प्रतिसाद अडीच टक्क्यांच्या वर, त्यांतल्या उरलेल्या सगळ्यांना पाठवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. पाचाऐवजी दहा भाग केले असते तर कप्पे हजार झाले असते, प्रत्येकात 30 जण आणि अपेक्षित ऑर्डर एकाहूनही कमी. तेवढ्यावर कुठलाच निर्णय घेता येत नाही. सहा ऑर्डरीही खरे तर थोड्याच, निव्वळ योगायोगाने त्या तीन किंवा नऊ होऊ शकतात. पाच भाग ही या हिशोबात बसणारी तडजोड होती.

यात गुण स्वतः काहीच ठरवत नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गुण म्हणजे कप्प्याचा पत्ता. निर्णय चाचणीच्या प्रतिसादावर व्हायचा.

पद्धत वेबवर आली तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. ईमेल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च नसल्याने चाचणीची पायरी गळाली आणि कप्प्यांना थेट ‘चॅम्पियन’, ‘लॉयल’, ‘अ‍ॅट रिस्क’ अशी नावे मिळाली. दुसरे म्हणजे आतल्या आत भाग पाडण्याऐवजी तिन्ही मापांचे पाच-पाच भाग स्वतंत्रपणे पाडले जाऊ लागले. यामुळे एफचा 5 सगळ्या ग्राहकांसाठी एकाच अर्थाचा झाला. जुन्या पद्धतीत आरच्या तळातल्या गटातला एफ 5 आणि वरच्या गटातला एफ 5 यांच्यात कित्येक ऑर्डरींचा फरक असू शकतो. मात्र समान कप्पे गेले. आर, एफ आणि एम याच क्रमाने लिहिलेल्या गुणांपैकी 555 आणि 111 मध्ये गर्दी होते, 155 जवळपास रिकामा राहतो.

स्वतंत्र हिश्शांचे काय होते हे पाहायला एक सार्वजनिक डेटासेट चांगला आहे. ब्रिटनमधल्या एका भेटवस्तू विकणाऱ्या ऑनलाइन कंपनीचे 1 डिसेंबर 2010 ते 9 डिसेंबर 2011 या काळातले व्यवहार त्यात आहेत, एकूण 5,41,909 ओळी. तिचे बरेच ग्राहक घाऊक व्यापारी आहेत. ज्या ओळींत ग्राहक क्रमांकच नाही अशा जवळजवळ चौथा हिस्सा ओळी, रद्द झालेल्या ऑर्डरी आणि शून्य किमतीच्या ओळी वगळल्या की 4,338 ग्राहक उरतात. त्यातल्या 1,493 जणांनी, म्हणजे एक तृतीयांशाहून थोड्या जास्त लोकांनी, एकदाच खरेदी केली आहे.

इथेच पाच समान भागांची कल्पना अडते. पाचवा हिस्सा म्हणजे सुमारे 868 माणसे. पहिल्या भागाची खालची सीमा एक ऑर्डर आणि वरचीही एकच ऑर्डर. पायथनमध्ये त्याचे उत्तर असे येते:

```python
pd.qcut(rfm['frequency'], 5, labels=[1, 2, 3, 4, 5])
# ValueError: Bin edges must be unique
```

यावर सर्रास वापरला जाणारा उपाय असा:

```python
r = rfm['frequency'].rank(method='first')
rfm['F'] = pd.qcut(r, 5, labels=[1, 2, 3, 4, 5])
```

त्रुटी जाते, पण प्रश्न सुटत नाही. `method='first'` म्हणजे बरोबरी झाली की जो तक्त्यात आधी, तो खालच्या क्रमांकावर. तक्ता सहसा `groupby` नंतर ग्राहक क्रमांकाने लागलेला असतो. म्हणजे एकदाच खरेदी केलेल्या 1,493 जणांपैकी 868 जणांना एफ 1 मिळतो आणि उरलेल्या सुमारे 625 जणांना एफ 2, केवळ त्यांचा खाते क्रमांक मोठा आहे म्हणून. एसक्यूएलमधले `NTILE(5)` हेच करते, फक्त तिथे बरोबरीतल्यांचा क्रम कसा लागेल याचीही हमी नसते. ओळखायची खूण सोपी आहे: एफच्या प्रत्येक गुणामागे ऑर्डरींची किमान आणि कमाल संख्या काढून पाहा. शेजारच्या दोन गुणांत एकच संख्या दिसली, तर तो गुण वागणुकीचा नाही.

जॉन मिग्लाउच यांनी 2000 मध्येच आरएफएमच्या गुणांवर लिहिताना बरोबरीच्या या दोषाकडे बोट दाखवले होते. इथे सरळ मार्ग म्हणजे एफसाठी समान भागांचा हट्ट सोडणे: एक ऑर्डर, दोन, तीन-चार, पाच ते नऊ, दहा आणि पुढे. गट विषम होतील, पण प्रत्येकाचा अर्थ सांगता येईल.

रकमेचा दोष याहून नाट्यमय आहे. 18 जानेवारी 2011 रोजी एका ग्राहकाने 74,215 बरण्यांची 77,183.60 पौंडांची ऑर्डर दिली आणि सोळा मिनिटांनी ती रद्द केली. 9 डिसेंबर 2011 रोजी दुसऱ्या एकाने 80,995 कागदी पक्ष्यांची 1,68,469.60 पौंडांची ऑर्डर दिली आणि बारा मिनिटांत रद्द केली. या डेटासेटमध्ये रद्द केल्याची नोंद वेगळ्या, उणे संख्येच्या ओळीत होते. रद्द झालेल्या ओळी वगळणे म्हणजे साफसफाई असे समजून त्या नुसत्या काढून टाकल्या, तर मूळ ऑर्डरी जागेवरच राहतात. दुसऱ्या ग्राहकाची खरी खरेदी आहे 2.90 पौंड. पण त्याला रकमेचे 5, आणि शेवटच्या दिवशीच्या ऑर्डरीमुळे ताजेपणाचेही 5 मिळतात. हिश्शांच्या पद्धतीत टोकाच्या आकड्यांचा त्रास होत नाही असे म्हणतात, आणि सीमांपुरते ते खरे आहे: चुकीची रक्कम बाकीच्यांच्या सीमा फारशा हलवत नाही. पण ज्याची रक्कम चुकली तो वरच्या हिश्शात जातोच. म्हणून रद्द ओळी आधी ग्राहकाच्या बेरजेतून वजा करायच्या, निव्वळ रक्कम शून्य किंवा उणे झालेले ग्राहक बाजूला काढायचे आणि मगच गुण द्यायचे. ज्या ऑर्डरी पूर्ण रद्द झाल्या त्या एफ आणि आर मोजतानाही धरायच्या नाहीत.

हिश्शाच्या गुणाची आणखी एक मर्यादा कुठल्याही साफसफाईने जात नाही. हा गुण तुलनेचा आहे. कंपनीचा धंदा निम्म्यावर आला तरी वरच्या पाचव्या हिश्शाला 5 मिळणारच. दर महिन्याला नव्याने हिस्से पाडले तर ग्राहकाने काहीही न बदलता त्याचा गुण खाली येऊ शकतो, कारण दुसऱ्यांनी जास्त खरेदी केली. महिन्यामहिन्यांची तुलना करायची असेल तर एका ठरावीक तारखेला सीमा काढून त्या वर्षभर गोठवाव्या लागतात. म्हणजे फिरून जुन्या ठरीव तक्त्याकडेच, फक्त सीमा स्वतःच्या डेटातून आलेल्या.

आणि तीन गुणांची बेरीज करण्याआधी पीटर फेडर, ब्रूस हार्डी आणि का लोक ली यांचे 2005चे काम पाहावे. डेव्हिड श्मिटलाइन, डोनाल्ड मॉरिसन आणि रिचर्ड कोलंबो यांनी 1987 मध्ये मांडलेल्या संभाव्यतेच्या मॉडेलवर ते उभे आहे. दोन ग्राहक घ्या, दोघांची शेवटची खरेदी सहा महिन्यांपूर्वीची. एक पूर्वी दर पंधरवड्याला यायचा, दुसरा वर्षातून दोनदा. बेरीज पहिल्याला वर ठेवते. मॉडेल सांगते की पहिला बहुधा कायमचा गेला आहे आणि दुसरा त्याच्या नेहमीच्या वेळेवरच आहे. आरएफएमच्या 1 ते 5 मध्ये हा फरक फक्त आर आणि एफ शेजारी ठेवून वाचला तरच दिसतो, बेरजेत तो पुसला जातो.