हळदीच्या पाकिटामागे जाहिरातीला किती रुपये परवडतात?

(अमेझॉनवर माल विकणारे बचत गट, शेतकरी कंपन्या आणि घरगुती उद्योगांसाठी)

‘स्पॉन्सर्ड’ जाहिरातीत पैसे क्लिकचे जातात, विक्रीचे नाही. गिऱ्हाइकाने तुमची हळद उघडून पाहिली आणि न घेता निघून गेला, तरी क्लिकचे पैसे कापले जातात. म्हणून बोली लावण्याआधी एका पाकिटावर हाती काय उरते ते कागदावर मांडा.

समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद घेऊ. अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत ३१५ रुपये. त्यात ५ टक्के जीएसटीचे १५ रुपये, म्हणजे तुमचे ३००. हळद, दळण आणि पाऊच यांचे १२० धरू, खोका-टेपचे १०, अमेझॉनचे कमिशन, इतर फी आणि पाठवणी मिळून ८४. परत येणाऱ्या पार्सलांसाठी दर ऑर्डरमागे ११ बाजूला काढा; कॅश ऑन डिलिव्हरीचा माल दारातून परत फिरतोच. उरले ७५ रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे सेटलमेंटच्या कागदावरून घ्या, अंदाजाने नको.

अहवालात ACOS नावाचा टक्का दिसतो. जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या पाकिटाला ७५ भागिले ३१५, म्हणजे २३.८ टक्क्यांवर ना नफा ना तोटा. गिऱ्हाईक क्लिकनंतर सात दिवसांत घेते तेही जाहिरातीच्या खात्यात धरले जाते, त्यामुळे कालच्या टक्क्यावरून घाईने बोली बदलू नका. आठवडा जाऊ द्या.

बोलीचे सूत्र सोपे आहे. शंभर क्लिकला ८ ऑर्डर येत असतील आणि ७५ पैकी ३० रुपये तुम्हाला घरी न्यायचे असतील, तर जाहिरातीला उरतात ४५. ४५ × ८ ÷ १०० = ३.६० रुपये. एका क्लिकला याहून जास्त देणे परवडत नाही.

आता नेहमी फसतो तो मुद्दा. तुम्ही ३.६० लिहिले, पण शोधाच्या पहिल्या ओळीसाठी ५० टक्के वाढ दिलेली असेल, तर तिथली बोली ५.४० होते. वर `Dynamic bids - up and down` निवडलेले असेल, तर तीच १०.८० पर्यंत चढू शकते. सुरुवातीला `Dynamic bids - down only` ठेवा आणि जागेची वाढ शून्य करा. क्लिकचा खरा दर अहवालातल्या `CPC` रकान्यात पाहा.

अशाच सेटिंगमुळे एका क्लिकला सरासरी ५.४० पडले असे समजू. ४०० क्लिक, २,१६० रुपये खर्च, ३२ ऑर्डर, १०,०८० ची विक्री. ACOS २१.४ टक्के. बरे चालले आहे असे वाटेल, कारण २३.८ च्या आत आहे. शोधशब्दांचा अहवाल उघडला की वेगळेच दिसते.

‘वायगाव हळद’वर १५० क्लिक आणि २१ ऑर्डर: खर्च ८१०, जाहिरात वजा जाता नफा ७६५. ‘हळद पावडर’वर २१० क्लिक आणि ११ ऑर्डर: खर्च १,१३४, तोटा ३०९. ‘हळद फेस पॅक’वर ४० क्लिक, ऑर्डर एकही नाही, २१६ रुपये पाण्यात. पंधरवड्याच्या एवढ्या खटाटोपाला हाती राहिले २४० रुपये.

‘वायगाव हळद’ शोधणाऱ्याला काय हवे ते ठाऊक असते. शंभरात १४ जण घेतात. तिथली बोली ४५ च्या हिशेबाने ६.३० पर्यंत नेता येते. ‘हळद पावडर’ शोधणारा दहा कंपन्यांच्या किमती ताडून पाहतो. तिथे २.३५ लावा, क्लिक कमी होतील, होऊ द्या. ‘फेस पॅक’ नकारार्थी शब्दांत टाका. मात्र दहा-बारा क्लिकला ऑर्डर नाही म्हणून कुठलाही शब्द बंद करू नका. ८ टक्के विक्री होणाऱ्या मालाला ४० क्लिक कोरडे जाण्याचा योग शंभरात तीन-चार वेळाच येतो. शब्दाला तेवढी मुदत द्या.

जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. नेहमीच्या नोंदणीत त्याचे क्रेडिट मिळते. ते मिळत नसेल, तर ३.६० ची क्लिक तुम्हाला ४.२५ ला पडते, म्हणून सूत्रातून आलेल्या बोलीला १.१८ ने भागा.

हळदीचा भाव चढला की हिशेब पुन्हा मांडा. पाकिटामागे माल २० रुपयांनी महागला आणि किंमत ३१५ च राहिली, तर ७५ चे ५५ होतात आणि ना नफा ना तोट्याची रेघ १७.५ टक्क्यांवर येते. ३० रुपये घरी न्यायचे असतील तर ‘वायगाव हळद’ची बोलीही ६.३० वरून ३.५० वर आणावी लागते.