वाक्यरूपांतराची तपासणी (इंग्रजी व्हॉइस व अप्रत्यक्ष कथन)

इंग्रजी वाक्याचा व्हॉइस किंवा कथनप्रकार बदलल्यावर काळ, सर्वनामे व अर्थ यांची केलेली पडताळणी. मुंबईच्या शाळांत व क्लासांत हे प्रश्न ‘ॲक्टिव्ह-पॅसिव्ह’ व ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ या नावांनी ओळखले जातात.

मराठी विद्यार्थ्यांची मुख्य अडचण अप्रत्यक्ष कथनात येते. ‘लीला महेशला म्हणाली की मी तुझं पुस्तक उद्या परत करीन’ या मराठी वाक्यात ‘की’नंतरही लीलाचे मूळ सर्वनाम व काळ टिकतात. त्याच वळणाने लिहिलेल्या ‘लीला टोल्ड महेश दॅट आय विल रिटर्न युअर बुक टुमॉरो’ यात मात्र ‘आय’ म्हणजे वाक्य सांगणारा ठरतो आणि ‘युअर’ ऐकणाऱ्याचे होते. अपेक्षित उत्तर: ‘लीला टोल्ड महेश दॅट शी वुड रिटर्न हिज बुक द नेक्स्ट डे’. मात्र सांगणारा स्वतः महेश असेल तर ‘टोल्ड मी’ व ‘माय बुक’ हवे. त्याच दिवशी सांगितले तर ‘टुमॉरो’ही चालते. म्हणून कोण, कोणाला व केव्हा सांगतो हे आधी ठरवावे.

उत्तर पुन्हा प्रत्यक्ष कथनात उलटवून पाहणे ही सर्वांत भरवशाची कसोटी. ‘महेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड फेल्ड’ उलटवल्यास ‘मी नापास झालो’ व ‘तू नापास झालास’ अशी दोन वाक्ये निघतात. नियम पाळले गेले, अर्थ मात्र निसटला; येथे नाव पुन्हा लिहावे.

अप्रत्यक्ष कथनात ‘विल’चे ‘वुड’ होते तसा काळ मागे का सरकतो याविषयी मतभेद आहेत. भाषाशास्त्रज्ञ कॉम्री (1986) यांनी तो मुख्यतः रूपाचा नियम मानला, तर भाषाशास्त्रज्ञ डेक्लर्क (1990) यांनी काळसंबंधांच्या अर्थातून स्पष्टीकरण दिले. विधान अजूनही खरे असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो, हे दोन्ही मांडण्यांत सामावते. त्यामुळे ‘पृथ्वी फिरते’ या अर्थाच्या वाक्यात वर्तमानकाळ चूक धरू नये. भूतकाळही चूक धरू नये, हे उत्तरपत्रिका तपासताना बहुधा विसरले जाते.

व्हॉइसमध्ये मराठी परिभाषाच आड येते. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठी व्याकरण त्यास कर्मणी म्हणते. इंग्रजीत त्याचे समांतर वाक्य ॲक्टिव्हच असते. पॅसिव्हला जवळचे रूप ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हे होय. त्यास नवीन कर्मणी वा कर्मकर्तरी म्हणतात. दादोबा पांडुरंग यांच्या 1836 च्या मुंबईतील व्याकरणापासून चालत आलेल्या प्रयोगविचारात वर्गीकरण सुसंवादावर, म्हणजे क्रियापद कर्त्याशी वा कर्माशी जुळते यावर, करावे की अर्थावर, हा वाद मिटलेला नाही. इंग्रजी उत्तर तपासताना सुसंवादाचा निकष बाजूला ठेवणे अधिक योग्य दिसते.

काळ व कर्ता अचूक बदलूनही अर्थ पालटू शकतो. ‘खोलीतील प्रत्येकाला किमान दोन भाषा येतात’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे पॅसिव्ह केल्यास सर्वांना त्याच दोन भाषा येतात, असेही वाचता येते. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी हे 1957 मध्ये दाखवले. ‘प्रत्येक’, ‘काही’, ‘किमान’ असलेली वाक्ये म्हणून व्हॉइसच्या सरावाला देऊ नयेत.