अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲपचे चॅट नेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवीन आयफोन घेतलात, छान झालं, पण घरी जाऊन बॉक्स फोडून सगळं सेट करून मग आठवड्याने "तेवढं जुनं व्हॉट्सॲप टाकून द्या की" म्हणत आमच्याकडे येऊ नका. काउंटरवर सगळ्यात जास्त वाद याच एका गोष्टीवरून होतात म्हणून हा कागद छापलाय. चॅट नेण्याची जी अधिकृत वाट आहे ती फक्त कोऱ्या आयफोनवर चालते, म्हणजे एकतर बॉक्समधून नुकताच काढलेला नाहीतर पूर्ण रीसेट केलेला. तुम्ही आठ दिवस वापरलात, फोटो काढले, बँकेची ॲप टाकली, की मग चॅट आणायला ते सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्या आठ दिवसांत आयफोनवर आलेले मेसेज जुन्या चॅटमध्ये मिसळता येत नाहीत. एक तरी जाणारच.

"पण माझा बॅकअप आहे ना गूगलवर", हे आम्ही रोज ऐकतो. आहे, बरोबर आहे, पण आयफोनवरचं व्हॉट्सॲप तो बघतच नाही. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप बॅकअप ठेवतं तुमच्या गूगल खात्यात आणि आयफोनवरचं फक्त आयक्लाउडमध्ये शोधतं, शिवाय दोन्हीकडे चॅट साठवायची फाइलसुद्धा वेगळ्या बांधणीची असते, त्यामुळे इकडची उचलून तिकडे टाकली असं होत नाही. म्हणून बॅकअपमधून नाही तर जुन्या फोनमधून थेट नव्या फोनमध्ये न्यावं लागतं आणि त्यासाठी जुना फोन चालू पाहिजे, स्क्रीन चालत पाहिजे. जुना एक्स्चेंजमध्ये देऊन आलात तर आमच्याही हातात काही राहत नाही.

ही सोय २०२२ पासून आहे. त्याआधी लोक कॉम्प्युटरवरची पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअरं वापरायचे, अजूनही विकली जातात, आम्ही ती वापरत नाही. तुमचे सगळे खाजगी चॅट कुणातरी अनोळखी कंपनीच्या प्रोग्रामला उघडून द्यायचे हे आम्हाला पटत नाही, आणि मध्येच बिघडलं तर दाद मागायला कोणी नाही. जुन्या फोनमध्ये व्हॉट्सॲपची डुप्लिकेट, जास्तीची फीचरवाली आवृत्ती असेल तर तेही आधीच सांगा, ही वाट मूळ व्हॉट्सॲपसाठीच आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा एक ताई आहेत, घरगुती केटरिंगचा धंदा, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. जुना अँड्रॉइड १२८ जीबीचा, त्यात व्हॉट्सॲपच ३० जीबीच्या वर गेलेलं आणि फोनमध्ये मोकळी जागा जेमतेम ४ जीबी. असा फोन आला की आम्ही आधी जागा करायला बसतो, कारण व्हॉट्सॲप नेण्यासाठी डेटा बांधून घेतं आणि त्याला जुन्या फोनमध्येही मोकळी जागा लागते. जागा नसली की तयारी अर्ध्यावर अडकते आणि माणूस वाय-फायला शिव्या देत बसतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Storage and data, त्यात Manage storage, तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. सुप्रभात, देवांचे व्हिडिओ, कुणाच्या तरी लग्नाचा पाचव्यांदा आलेला व्हिडिओ, हे गेलं की निम्मं वजन उतरतं. ही सफाई घरी बसून करून आलात तर उत्तम, काय ठेवायचं काय नाही ते तुम्हालाच माहीत, आम्ही तुमचे फोटो बघत बसणार नाही.

फक्त एक काळजी घ्या, सफाई व्हॉट्सॲपच्या आतूनच करा, फाइल मॅनेजरमध्ये जाऊन फोल्डरचं फोल्डर उडवू नका. अँड्रॉइडवर चॅटमधले फोटो-व्हिडिओ Android/media/com.whatsapp या फोल्डरमध्ये सुट्या फाइल म्हणून पडलेले असतात आणि चॅटमध्ये नुसती त्यांची खूण असते. फाइल आधीच डिलीट झालेली असेल किंवा तुम्ही ती मेमरी कार्डवर हलवलेली असेल तर नव्या फोनवर चॅट दिसेल, मजकूर दिसेल, पण फोटोच्या जागी धूसर चौकोन. लोकांना वाटतं दुकानदाराने घालवले. ते जुन्या फोनवरही उघडत नव्हते, तुम्ही वर स्क्रोल करून बघितलं नव्हतं इतकंच, म्हणून आम्ही काम सुरू करायच्या आधी तुमच्यासमोर दोन-तीन जुने चॅट उघडून वर जाऊन दाखवतो.

जागा झाली की पुढचं काम सरळ आहे. जुन्या फोनवर ॲपलचं Move to iOS नावाचं ॲप टाकायचं, अँड्रॉइड ५ किंवा पुढचं असलं की पुरे, आणि आयफोनवर iOS १५.५ किंवा पुढचं लागतं, जे आज नवीन घेतलेल्या फोनला असतंच. व्हॉट्सॲप जुन्या फोनवर अपडेट केलेलं पाहिजे. दोन्ही फोन चार्जिंगला लावायचे आणि एकाच वाय-फायवर घ्यायचे. आयफोन सेट करताना अँड्रॉइडवरून डेटा आणायचा का असं विचारलं जातं, तिथे हो म्हटलं की स्क्रीनवर कोड येतो, तो जुन्या फोनवर टाकायचा, मग काय काय न्यायचं त्याची यादी येते, त्यात व्हॉट्सॲपवर टिक करायची. इथेच बरेच जण गडबडीत पुढे जातात, कॉन्टॅक्ट आणि फोटो घेतात आणि व्हॉट्सॲपची टिक राहून जाते.

टिक केली की जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडतं, Start दाबायचं, डेटा तयार झाला की त्या फोनवरून तुम्ही लॉगआउट होता. घाबरू नका, हे व्हायचंच असतं. जुन्या फोनमधला डेटा तिथेच असतो, तुम्ही ॲप काढून टाकेपर्यंत किंवा फोन पुसेपर्यंत, त्यामुळे मधेच काही बिनसलं तर पुन्हा लॉगिन करून नव्याने सुरुवात करता येते. मग ट्रान्स्फर सुरू होतो आणि इथे धीर लागतो. जुन्या फोनवर Move to iOS ची स्क्रीन समोर उघडी ठेवायची, मधेच यूट्यूब लावायचं नाही, आलेला फोन घ्यायचा नाही. जुन्या फोनचं मोबाइल इंटरनेट आम्ही बंदच करतो, कारण आयफोनशी जोडलेल्या वाय-फायला इंटरनेट नाही असं वाटून काही अँड्रॉइड फोन आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतात आणि जोडणी तुटते. जुना फोन "झालं" म्हणाला तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण होईपर्यंत दोघांनाही हात लावायचा नाही. डेटा ताईंच्या इतका असेल तर दोन-तीन तास धरून चाला, सामान आणायचं असेल तर आणून या.

सगळं आल्यावर ॲप स्टोअरवरून व्हॉट्सॲप टाकायचं आणि त्याच नंबरने लॉगिन करायचं. त्याच नंबरने, हे दोनदा लिहितोय, कारण नवीन फोनबरोबर नवीन नंबर घेणारे बरेच असतात. नंबर बदलायचा असेल तर चॅट येऊ द्या, मग व्हॉट्सॲपमधूनच नंबर बदला. लॉगिन झाल्यावर चॅट आणायचे का असं विचारून पुन्हा Start येतं, ते दाबायचं आणि थांबायचं. ते न दाबता पुढे गेलात तर रिकामं व्हॉट्सॲप उघडतं, आणि मग आयफोन पुसून सगळी कथा परत.

आता काय येत नाही ते. व्हॉट्सॲपवरून केलेल्या कॉलची यादी येत नाही, तुमचं स्वतःचं नाव येत नाही, ते परत टाकावं लागतं. व्हॉट्सॲपवरून पैसे दिल्या-घेतल्याचे मेसेज येत नाहीत, आणि धंदेवाल्यांना हे टोचतं. ताईंसारखं कुणी चॅटमधल्या पेमेंटच्या मेसेजवरच हिशेब ठेवत असेल तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा किंवा बँकेचं स्टेटमेंट काढा. यूपीआय तर कुठल्याच ॲपमधून उचलून येत नाही, सिमवरून मेसेज जाऊन नव्या फोनची नोंदणी नव्याने करावी लागते, त्यामुळे सिम आयफोनमध्ये आणि त्यात मेसेजचा बॅलन्स दोन्ही पाहिजे. कॉम्प्युटरवर लावलेलं व्हॉट्सॲपही नव्याने जोडावं लागतं.

एखादं चॅट जिवापेक्षा जास्त असेल, कोर्टाचं, घरच्यांचं, जमिनीच्या व्यवहाराचं, तर ते वेगळं एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. मेलने पाठवताना फोटोंसकट शेवटचे १०,००० मेसेज आणि फोटोंशिवाय ४०,००० पर्यंत जातात. ती साधी टेक्स्ट फाइल असते, वाचता येते, छापता येते, पण कुठल्याही फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही.

टेलिग्राम वापरत असाल तर त्याचं टेन्शन नाही, लॉगिन केलं की सगळं दिसतं कारण चॅट त्यांच्या सर्व्हरवर असतात. फक्त त्यातली सीक्रेट चॅट ज्या फोनवर केली त्याच फोनवर राहतात.

उलटं, म्हणजे आयफोन सोडून अँड्रॉइडवर यायचं असेल तर तेही होतं, पण वायर लागते आणि अँड्रॉइड फोन सेट होत असतानाच करावं लागतं, अँड्रॉइड १२ किंवा पुढचं हवं. आयफोन १५ पासून पुढचा असेल तर टाइप-सी टू टाइप-सी, जुना असेल तर लाइटनिंग टू टाइप-सी, दोन्ही आमच्याकडे आहेत. मात्र निघण्याआधी आयफोनच्या सेटिंगमधून आयमेसेज बंद करा, नाहीतर आयफोनवाले नातेवाईक पाठवतील ते मेसेज तुमच्या जुन्या आयफोनकडेच जात राहतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

काम करायला येताना दोन्ही फोन, दोन्हीचे चार्जर, चालू सिम, आणि ॲपल आयडीचा पासवर्ड लक्षात असलेला माणूस बरोबर आणा. पासवर्ड आम्हाला सांगू नका, तुम्हीच टाका. आणि जुना फोन लगेच विकू नका, निदान महिनाभर घरात ठेवा, नव्या फोनवर एखादं जुनं चॅट उघडून बघितल्यावरच काय राहिलं ते कळतं. गूगलवरचा जुना बॅकअप कायमचा राहील असंही धरू नका, पाच महिन्यांहून जास्त काळ नवा बॅकअप गेला नाही तर तो आपोआप काढून टाकला जाऊ शकतो. आयफोनवर आयक्लाउडचा बॅकअप चालू करून घ्या, फुकट जागा ५ जीबीच मिळते, ताईंच्या चॅटला ती पुरणार नाही, तेव्हा प्लॅन घ्यायचा का ते त्याच दिवशी ठरवा.