ट्रिगरची वेळ: छत्तीस तासांमागची पार्श्वभूमी

टेस्टट्यूब बाळाच्या उपचारात बीज पक्व करायला दिलं जाणारं ट्रिगरचं इंजेक्शन रात्री नऊ-दहाच्या पुढेच का देतात, याचं उत्तर शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकात आहे. इंजेक्शननंतर साधारण 36 तासांनी बीज काढतात. सोमवारी रात्री दहाला टोचलं, की बुधवारी सकाळी दहा वाजता पिकअप.

1978 मध्ये इंग्लंडमध्ये पहिलं टेस्टट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा उत्तेजक औषधं वापरलेली नव्हती. बीज पिकवून सोडायला लावणारं एलएच संप्रेरक कधी उसळतं हे पाहायला लघवी पुन्हा पुन्हा तपासायची आणि शरीर सांगेल त्या वेळी, प्रसंगी मध्यरात्रीही, बीज काढायचं. पुढे एलएचसारखंच काम करणारं एचसीजी टोचून ती उसळी हव्या त्या वेळी आणता येऊ लागली. तरी शरीर मधेच स्वतःची उसळी मारून बेत उधळायचं. ते ऐंशीच्या दशकातल्या ॲगोनिस्ट औषधांनी आणि नंतरच्या अँटॅगोनिस्टनी आवरलं. पिकअप फार लवकर केला तर बीज पक्वही नसतं, फॉलिकलच्या, म्हणजे ते ज्यात वाढतं त्या द्रवाच्या पिशवीच्या, भिंतीपासून सुटतही नाही. फार लांबला तर फॉलिकल फुटून बीज हातचं जातं.

1986 मध्ये ‘एम्प्टी फॉलिकल सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं आणि घोळ सुरू झाला. सोनोग्राफीत फॉलिकल छान दिसतात, सुई घातली तर बीज एकही नाही. नाव असं, की दोष बाईच्या अंडाशयाचाच वाटावा. पुढे अशा बायकांच्या रक्तातलं एचसीजी मोजलं, तेव्हा अनेकींमध्ये ते जवळजवळ नव्हतंच. कुणी वेळ चुकवली होती, कुणाचं औषध निकामी होतं, कुणी पावडर न मिसळता नुसतं पाणीच टोचलं होतं. याला ‘खोटा’ सिंड्रोम म्हणू लागले. माझ्या मते त्याला सरळ औषध न पोचणं म्हणावं. ‘खरा’ प्रकार दुर्मीळ आहे आणि तो स्वतंत्र आजार आहे का, यावर अजून वाद आहे.

या घोळातूनच सुधारणेची वाट निघाली. एका बाजूच्या अंडाशयातून काहीच आलं नाही, तर तिथेच थांबून एचसीजी तपासतात. ते नसलं तर दुसऱ्या बॅचचं इंजेक्शन देऊन 36 तासांनी दुसरी बाजू काढतात. सलग घेतलं तर उसळी आवरणारं ॲगोनिस्ट एका डोसात उलट शरीराची स्वतःची उसळी आणतं. ट्रिगर त्याचा असेल तर एचसीजीच्या तपासणीचा उपयोग नाही. तिथे दुसऱ्या दिवशी एलएच आणि प्रोजेस्टेरॉन पाहतात.

घरी वेळ हुकली तर? मोबाईलवर रात्रीच्या दहाऐवजी सकाळच्या दहाचा गजर लागला आणि इंजेक्शन रात्री पावणेबाराला टोचलं, असं होतं. अशा वेळी खरी वेळ, मिनिटासकट, लगेच कळवायची. मग पिकअप तेवढाच पुढे सरकवता येतो. रागावतील म्हणून ‘दहालाच घेतलं’ सांगितलं, तर बीज सव्वाचौतीस तासांतच काढलं जाईल. रात्रभर विसरलंच, तर सकाळी आपल्या मनाने टोचू नये, आधी फोन करावा. कधी पूर्ण दिवस पुढे ढकलतात, पण तोवर अँटॅगोनिस्टचा आणखी एक डोस लागू शकतो. अर्धवट गेल्याची शंका आली तरी दुसरं इंजेक्शन स्वतःहून घेऊ नये आणि रिकामी कुपी टाकू नये. पावडर तळाशी तशीच आहे का, हे तीच दाखवते.